सोळा सेकंदांची लिफ्ट

…आणि वर मलाच विचारतात, तुम्ही बोलत का नाही! अहो, बोलायचं कधी? सोळा सेकंद! पाचव्या मजल्यावर लिफ्टचं दार मिटल्यापासून तळमजल्यावर उघडेपर्यंत सोळा सेकंद, मोजलेत मी, एकदा नाही, शंभरदा मोजलेत, मध्ये कुणी बटण दाबलं नाही तर सोळा, तिसऱ्यावर कुत्रेवाले साहेब चढले तर सव्वीस, कारण कुत्रा आधी आत येतो, मग विचार बदलतो, बाहेर जातो, मग पुन्हा आत येतो. माणसाला मात्र विचार बदलायची सोय नाही. दार मिटलं की बोललंच पाहिजे. आता तुम्हीच सांगा मंडळी, सोळा सेकंदांत माणसानं बोलायचं तरी काय?

आणि तेही मी! तुम्हाला सांगतो, आमच्या घरात बोलायचं खातं पहिल्यापासून बायकोकडे. मी इस्त्रीवाला. तीस वर्षं कोपऱ्यावर टपरी होती माझी, लोक कपडे ठेवायचे, मी मान हलवायचो, लोक कपडे न्यायचे, मी मान हलवायचो, धंदा झकास चालला. लग्नात उखाणा घ्या म्हणाले, तर मी इतका वेळ विचार केला, इतका वेळ विचार केला, की पहिली पंगत उठून दुसरी बसली. सासरे म्हणाले, ‘जावई शांत आहेत.’ बायको म्हणाली, ‘शांत नाहीत हो, बंद आहेत.’ असा मी! आणि असल्या माणसाला परमुलखात, परक्या भाषेत, लोखंडी पेटीत कोंडून म्हणायचं, बोल!

आता परमुलखात कसा आलो म्हणाल, तर पोटासाठी, दुसरं काय. इथल्या मोठ्या दवाखान्याची लाँड्री आहे, तिथं चादरींच्या इस्त्रीवर मी. इस्त्री म्हणजे आपल्यासारखी कोळशाची नव्हे, हा भला थोरला तापलेला रूळ, एकानं या बाजूनं ओली चादर भरायची, दुसऱ्यानं त्या बाजूनं कडक झालेली ओढायची, वाफेत समोरच्याचं तोंड दिसत नाही आणि आवाजात स्वतःचं बोलणं ऐकू येत नाही. मला तर ती नोकरी फार आवडली. चार वर्षं सुखानं गप्प होतो मी! लेक नर्सिंग शिकतेय, शेवटचं वर्ष आहे, तेवढं आटपेपर्यंत तग धरायचा, एवढंच डोक्यात. राहायला कंपनीनं एका इमारतीत पाचव्या मजल्यावर खोल्या दिल्या, आम्ही तिघं. एक दवाखान्याच्या स्वयंपाकघरातला आचारी, एक ड्रायव्हर, आणि एक मी. खिडकी आहे, चूल आहे, दवाखाना चालत दहा मिनिटांवर. माणसाला आणखी काय लागतं?

आणि एक दिवस आमचा मुकादम आला. हातात कागद. मुकादम आपल्याच भाषेतला माणूस, दहा-बारा वर्षं इथं काढलेली, त्यांची भाषा फाडफाड बोलतो, आमचं राहणं, आजारपण, भांडण, सगळं त्याच्याकडे. म्हणाला, ‘काका, बिल्डिंगच्या ऑफिसात तक्रार आलीय.’

मी म्हटलं, ‘नळ गळतो का?’

‘नळ नाही गळत. तुमची वाचा बसलीय. लिहिलंय बघा, पाचव्या मजल्यावरची तीन माणसं लिफ्टमध्ये येतात, कोपऱ्याकडे तोंड करून उभी राहतात, कुणाकडे बघत नाहीत, कुणाशी बोलत नाहीत. आम्हाला भीती वाटते.’

घ्या! आम्ही त्यांना भिऊन कोपऱ्यात, आणि ते आमच्या कोपऱ्याला भिऊन ऑफिसात! आम्ही आपलं समजत होतो, थोरामोठ्यांसमोर नजर खाली ठेवावी, मर्यादा असते. तर इथं नजर खाली म्हणजे याच्या मनात काहीतरी आहे!

मुकादम म्हणाला, ‘आणखी एक कागद आला ना, तर या खोल्या गेल्या. तुम्हाला गावाबाहेरच्या पत्र्याच्या खोल्यांत टाकतील. तिथून पहिली बस साडेसहाला. तुमची पाळी किती वाजता?’

सहाला.

‘मग समजा तुम्हीच,’ म्हणाला. ‘चार दिवस उशीर झाला की पाचव्या दिवशी विमान. काका, बोला लोकांशी! जास्त नको. राम राम घाला.’

राम राम घाला म्हणे! म्हणायला काय जातं? लेकीचं शेवटचं वर्ष, आणि सगळं आलं कशावर, तर लिफ्टमधल्या सोळा सेकंदांवर. आता सोळा सेकंदांत माणसानं बोलायचं तरी काय?

ड्रायव्हर हुशार निघाला. दुसऱ्या दिवशीपासून जिन्यानं जायला लागला. आचारी म्हणाला, ‘मला दमा आहे,’ आणि लिफ्टमध्ये लोक दिसले की खोकायला लागायचा, खोकणाऱ्याशी कोण बोलतं? राहिलो मी. दोघं म्हणाले, ‘काका, तुम्ही वडीलधारे, तिघांच्या वतीनं तुम्हीच बोला.’ अख्ख्या आयुष्यात मी स्वतःच्या वतीनं बोललो नव्हतो!

पण बसलो शिकायला. फोनमध्ये ते असतं ना, आपल्या भाषेत बोललं की त्यांच्या भाषेत उत्तर देतं, त्यातली एक बाई मला शिकवायला लागली. तळहातावर पेनानं आपल्या अक्षरांत लिहायचं आणि निघायचं. आता तुम्हाला वाटेल, नमस्कारात शिकण्यासारखं काय आहे? अहो, आपला नमस्कार म्हणजे सोन्यासारखी वस्तू! सकाळी नमस्कार, दुपारी नमस्कार, भेटताना नमस्कार, निघताना नमस्कार, मेलेल्या माणसालाही नमस्कार! इथं तसं नाही. सकाळचा वेगळा. तो जेवणवेळेपर्यंत चालतो, मग शिळा होतो. दुपारचा वेगळा, संध्याकाळचा वेगळा. आणि एक आहे रात्रीचा, तो भेटल्यावर घालायचाच नाही, तो फक्त निरोपाचा, झोपायला जाताना. हे मला कुणी सांगावं? मी संध्याकाळी अंधार पडलेला पाहिला, म्हटलं, झाली रात्र, शेजारच्या दारातल्या शाळेच्या बाई लिफ्टमध्ये शिरत होत्या, त्यांना छातीवर हात ठेवून मोठ्या प्रेमानं तो रात्रीचा घातला. म्हणजे त्या आत येतायत आणि मी सांगतोय, बरंय, झोपा आता! त्या तशाच मागे फिरल्या. त्यांना वाटलं, मी त्यांना लिफ्टमध्ये येऊ देत नाही!

बरं, आधी कुणी बोलायचं? याचाही कायदा आहे. जो नंतर आत येतो त्यानं आधी बोलायचं, आतल्यांनी उत्तर द्यायचं. आवाज लहान. हात जोडायचे नाहीत, मी जोडले तर हातातला जेवणाचा डबा सुटला. मग एकदा, एकदाच, समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं, थोडं हसायचं, आणि लगेच दारावर मजल्यांचे आकडे पेटतात तिकडे बघत राहायचं, जसं काही उतरताना आकडे उलटे जातात याची आपल्याला केवढी मौज वाटतेय. मला हे आकड्यांचं माहीत नव्हतं. मी कुत्रेवाल्या साहेबांकडे बघून हसलो, आणि म्हटलं, आता हसलोय तर मध्येच कसं थांबायचं, अपमान होईल. तिसऱ्यापासून तळापर्यंत हसत राहिलो त्यांच्याकडे बघून. गाल दुखले माझे. त्यांनी कुत्रा उचलून कडेवर घेतला.

आणि ते ‘तू’ आणि ‘तुम्ही’! आपल्यासारखंच आहे त्यांच्यातही, लहानाला तू, परक्याला तुम्ही. पण फोनमधली बाई मला लहान मुलांचे धडे शिकवत होती, मला काय ठाऊक? दुसऱ्या दिवशी मी त्या साहेबांना, टाय लावलेल्या, पांढऱ्या केसांच्या साहेबांना विचारलं, ‘काय रे, कसा आहेस तू?’ आणि मग तिसऱ्या दिवशी कुत्र्याकडे वळून, मुकादमानं चूक सांगितल्यावर तोंडपाठ केलेलं, ‘आपण कसे आहात?’ कुत्र्यानं शेपूट हलवली. त्या इमारतीत माझ्याशी पहिल्यांदा नीट बोललेला प्राणी तो!

पुढची गंमत तर ऐकाच. ते लोक विचारतात, ‘कसे आहात?’ आता कुणी आपुलकीनं विचारलं तर आपण सांगतो की नाही? मीही फोनवरून जुळवून आणलं होतं, गुडघा धरतो, गावी बायकोला साखरेचा आजार निघालाय, गोळ्या वेळेवर घेत नाही, लेकीची परीक्षा जवळ आलीय… तळमजला आला, दार उघडलं, साहेब पाय बाहेर टाकून अडकले, दार मिटायला लागलं की त्यांच्या खांद्यावर आपटायचं, पुन्हा उघडायचं, पुन्हा आपटायचं, मी अजून साखरेवरच होतो! मुकादमानं कपाळाला हात लावला. ‘काका, तो प्रश्न नसतो! “कसे आहात” हा नमस्कारच आहे. त्याचं उत्तर एकच, “बरा आहे, तुम्ही?” संपलं.’

मी म्हटलं, ‘आणि बरा नसेन तर?’

‘तरीही बरा आहे!’

म्हणजे बघा, विचारायचं पण ऐकायचं नाही, सांगायचं पण खरं नाही. आपल्याकडे आपण काय विचारतो? कुठे निघालात? पिशवीत काय आणलंत? जेवलात का? यात किती माया आहे! मी शाळेच्या बाईंना विचारलं, ‘कुठे निघालात?’ त्यांनी पर्स घट्ट धरली. विचारलं, ‘पिशवीत काय?’ त्या दुसऱ्याच मजल्यावर उतरल्या. मुकादम ओरडला, ‘काका, हे चौकशी केल्यासारखं होतं! पोलीस विचारतात असं!’ मग उरलं काय? जेवलात का. म्हटलं, हे तर कुठल्याच पोलिसानं कुणाला विचारलेलं नाही, हे चालेल.

ते चाललं. एकाच माणसाशी चाललं. सहाव्या मजल्यावर एक बाई राहतात, बरोब्बर आमच्या डोक्यावर. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या, काठी घेतात, रोज संध्याकाळी भाजी-पाव घेऊन सव्वासहाच्या सुमारास लिफ्टपाशी येतात, आणि माझी पाळी सुटून मीही तेव्हाच. तळमजल्यापासून पाचव्यापर्यंत आमचे सोळा सेकंद. आत शिरलो की मी संध्याकाळचा नमस्कार घालायचो, लहान आवाजात, तुम्ही म्हणून. त्या उत्तर द्यायच्या. मी त्यांच्यासाठी सहाचं बटण दाबायचो, माझं पाचचं. आकडे बघायचे. दुसऱ्याच्या आसपास त्या विचारायच्या, कसे आहात. मी म्हणायचो, बरा आहे, तुम्ही? साखर नाही, गुडघा नाही, एका दमात! मग तिसऱ्याच्या वर गेलं की माझ्याकडे उरलेलं एकच वाक्य मी काढायचो, ‘जेवलात का?’

पहिल्या दिवशी त्या दचकल्या. मग म्हणाल्या, ‘नाही अजून.’ आणि हसल्या! तुम्हाला सांगतो, चार वर्षांत या देशात माझ्या बोलण्यानं कुणी हसलं नव्हतं. म्हणजे, चांगलं.

आणि पाचवा यायचा. आता उतरायचं. उतरताना काय म्हणायचं? मी फोनला विचारलं. आपण निघताना काय म्हणतो? ‘येतो.’ ‘जातो’ म्हणतो का आपण? माझी आई म्हणायची, जातो म्हणू नये, जाणारा जातो, येतो म्हणावं. मी परदेशाला निघालो तेव्हा उंबऱ्यात पाय अडखळला आणि तोंडातून निघत होतं ‘जा…’ तर बायकोनं तोंडावर हात ठेवला. ‘येतो म्हणा.’ म्हटलं, येतो. दोन वर्षांत येतो. तर मी फोनला आपल्या भाषेत सांगितलं, ‘येतो.’ फोनमधल्या बाईनं त्यांच्या भाषेत बोलून दाखवलं. मी हातावर लिहिलं, पाठ केलं, आणि रोज पाचव्यावर दार उघडलं की एक पाऊल बाहेर टाकून, वळून, मान लववून त्या बाईंना म्हणायचो, ‘येतो.’ त्या मान हलवायच्या. दार मिटायचं. लिफ्ट सहाव्यावर जायची.

वाटलं, जमलं! सोळा सेकंद बरोब्बर भरले!

घरी येऊन आम्ही तिघं जेवायला बसायचो आणि डोक्यावर खुर्ची सरकायची. कर्रर्र. मग थोड्या वेळानं दुसरी. कर्रर्र. आचारी वर बघून म्हणायचा, ‘ही बाई एकटी राहते ना हो काका? मग दुसरी खुर्ची कुणासाठी ओढते?’ ड्रायव्हर म्हणायचा, ‘पाय ठेवायला असेल.’ मी म्हणायचो, ‘तुला काय करायचंय? चौकशा करू नये. पोलीस करतात चौकशा.’ शहाणा झालो होतो ना मी!

पण एका बाईशी जमून काय होतंय, इमारत केवढी! मला घोर लागलेला, कुत्रेवाले साहेब कागद लिहिणार, शाळेच्या बाई लिहिणार. म्हटलं, सराव कमी पडतो. सुटीच्या दिवशी सकाळी मी लिफ्टमध्ये जाऊन उभा राहिलो तो राहिलोच. पाचवरून तळाला, तळावरून आठव्याला, जो येईल त्याला नमस्कार, जो जाईल त्याला निरोप, मध्ये कुणी नसलं की आरशातल्या मला. साहेब कुत्रा घेऊन खाली गेले तेव्हा मी आत. फिरवून परत आले तेव्हा मी आत. पेपर आणायला गेले तेव्हा मी आत! तेव्हा कुठे माझं लक्ष वर गेलं, तर छताला कॅमेरा. काळा, गोल, माझ्याकडे बघतोय. मी त्यालाही नमस्कार घातला. दुपारचा. नेमके सव्वाअकरा वाजले होते!

आणि गुरुवारी मुकादम आला. हातात कागद.

मंडळी, आचाऱ्यानं पलंगाखालची बॅग ओढली. ड्रायव्हरनं भिंतीवरचं कॅलेंडर काढून त्याची गुंडाळी केली, चालू महिन्याचं, वेड्यासारखं. मला पत्र्याची खोली दिसायला लागली, साडेसहाची बस दिसायला लागली, लेक दिसायला लागली, नर्स व्हायच्या आधीच घरी बसलेली. का? तर बापाला लिफ्टमध्ये नमस्कार घालता आला नाही! मी दोघांना म्हटलं, ‘पोरांनो, माझ्यामुळं झालं. मी आपला गप्प होतो तेच बरं होतं. तेव्हा नुसती भीती वाटत होती लोकांना, आता खात्री पटली.’

मुकादम उभ्यानं कागद वाचत होता. त्यानं ओठ दाताखाली धरलेला. म्हटलं, फार वाईट आहे.

‘काका,’ म्हणाला, ‘सहाव्या मजल्यावरच्या बाईंना तुम्ही रोज काय म्हणता?’

त्या! त्या बाईंनी लिहिलं? साहेबांनी लिहिलं असतं तर चाललं असतं, त्यांच्या कुत्र्यानं लिहिलं असतं तरी चाललं असतं, पण त्या तर हसल्या होत्या!

‘मी… संध्याकाळचा नमस्कार. मग बरा आहे, तुम्ही. मग जेवलात का. आणि उतरताना, येतो.’

‘येतो? कसं म्हणता? त्यांच्या भाषेत म्हणून दाखवा.’

दाखवलं म्हणून.

मुकादम आचाऱ्याच्या बॅगेवर खालीच बसला. मग त्यानं तो कागद आम्हाला आपल्या भाषेत वाचून दाखवला. मला पाठ आहे तो.

‘पाचव्या मजल्यावरच्या वयस्क गृहस्थांविषयी. ते रोज संध्याकाळी मला विचारतात, मी जेवले का. मी सांगते, नाही अजून. मग उतरताना ते फार आदरानं सांगतात, मी येतो आहे. मी वर जाऊन दोन ताटल्या मांडते. दुसरी खुर्ची जड आहे, तरी ओढते. ते येत नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारतात, जेवलात का. आज सव्वीस दिवस झाले. माझं काही चुकलं असेल तर त्यांनी तसं सांगावं. चुकलं नसेल तर यावं. अन्न गार होतं.’

आचारी वर छताकडे बघत राहिला. ज्याला त्याला ती खुर्ची आठवली.

सव्वीस दिवस! मी इकडे माझे सोळा सेकंद मोजतोय, त्या तिकडे सव्वीस दिवस मोजतायत! अहो, ‘येतो’ म्हणजे जातो! हे लहान पोराला कळतं आपल्याकडे! पण त्यांना कसं कळावं? त्यांच्या भाषेत जो येतो म्हणतो तो येतो. सरळ माणसं. मी म्हटलं, मुकादम, आत्ताच्या आत्ता वर चल आणि सांग त्यांना. तो आला. लिफ्टनं नाही, जिन्यानं गेलो, एक मजला, तेवढं बोलायची हिंमत नव्हती माझ्यात. दार उघडलं. आत टेबल, दोन ताटल्या, दोन खुर्च्या. मुकादम दारातच समजावत होता, आमच्यात निघताना येतो म्हणतात, अशुभ होऊ नये म्हणून, म्हणजे ते जातच असतात, पण… त्या ऐकत होत्या, ऐकत होत्या, आणि मग त्यांनी एकच प्रश्न विचारला. मुकादमानं मला सांगितलं, ‘काका, बाई विचारतात, मग जो खरंच येणार असतो, तो काय म्हणतो?’

मी खुर्चीवर बसलो. दुसऱ्या. खरंच जड आहे हो ती.

जेवलो. काय होतं ते विचारू नका, गरम होतं. मुकादम निघून गेला. आम्ही दोघं. तिथं आकडे नव्हते बघायला, नमस्कार घालून झालेला, हातावरचं सगळं घामानं पुसलेलं. पाऊण तास कुणी एक शब्द बोललं नाही, आणि तुम्हाला सांगतो, अवघड वाटलं नाही. त्याही बंदच होत्या, माझ्यासारख्या. बंद माणसाला बंद माणूस कळतो.

पण उठलो, दाराशी आलो, आणि पुन्हा तेच. आता म्हणू काय? येतो म्हटलं तर उद्या दोन ताटल्या. जातो म्हणायला जीभ रेटत नाही, आईचा आवाज येतो कानात. लिफ्ट आली, दार उघडलं, वाट पाहून मिटलं, रिकामी खाली गेली. पुन्हा आली, पुन्हा गेली. शेवटी त्यांच्या भिंतीवर कॅलेंडर होतं, मी त्याच्यावर बोट ठेवलं, रविवारवर, आणि म्हटलं, ‘येतो.’ त्यांनी पेन आणून त्या चौकोनात खूण केली. सुटलो! तेव्हापासून दर रविवारी जातो. येतो. काय ते! त्या खोल्याही राहिल्या, सहाव्यावरच्या बाईंनी ऑफिसात सांगितलं, पाचव्या मजल्यावरचे गृहस्थ उशिरा येतात, पण येतात. आता ड्रायव्हरही लिफ्टनं जातो, आणि साहेबांचा कुत्रा मला बघून आधी बाहेर जात नाही, सरळ आत येतो.

सगळं मार्गी लागलं म्हणून मी हौसेनं बायकोला फोन लावला. आयुष्यात पहिल्यांदा मीच बोलत होतो आणि ती ऐकत होती! साहेबांना ‘काय रे’ म्हटलं ते सांगितलं, हसली. कॅमेऱ्याला नमस्कार, हसून हसून खोकली. मग त्या सव्वीस दिवसांचं सांगितलं. दोन ताटल्यांचं, खुर्चीचं. कॅलेंडरचं. हसायची थांबली.

म्हटलं, ‘ऐकतेस ना?’

‘ऐकतेय,’ म्हणाली. ‘शहाणी बाई आहे ती. सव्वीस दिवसांत चिठ्ठी टाकली. मला चार वर्षं झाली येतो म्हणून गेलात त्याला. मी कुणाच्या ऑफिसात टाकू?’

मी म्हटलं, ‘अगं, लेकीचं वर्ष…’

‘ते ठाऊक आहे मला. दवाखान्याचंही ठाऊक आहे, आणि सहाची पाळीही. मी कुठे भांडतेय? तिला वार सांगितलात ना कॅलेंडरवर बोट ठेवून? मग मलाही सांगा. माझ्यासमोर भिंतीवर लटकतंय कॅलेंडर. हातात पेन आहे. बोला.’

बोला म्हणे!… चारही वेळांचे नमस्कार पाठ झालेत माझे, सकाळचा, दुपारचा, संध्याकाळचा, निरोपाचा, तू, तुम्ही, बरा आहे, तुम्ही… एकही उपयोगाचा नाही. मी गप्प, ती गप्प. मोजायची सवय लागलीय ना आता, मोजत गेलो. एक, दोन, तीन… बरोब्बर सोळा झाले.

लिफ्टमध्ये निदान सोळा झाले की दार तरी उघडतं हो!